गृहभेट अहवालात घरची परिस्थिती किती आणि कशी लिहावी : अनियमित उपस्थितीचे एक प्रकरण

प्रश्न : सहावीतील एक मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी गैरहजर असते. मुख्याध्यापकांनी आठ दिवसांत गृहभेट अहवाल आणि कृती आराखडा मागितला आहे. घरची परिस्थिती बिकट आहे, वडील पितात असे गावात बोलतात. हे सगळे अहवालात लिहायचे का, आणि कोणत्या शब्दांत? नमुना असल्यास द्यावा.

उत्तर :

घरी जाण्यापूर्वी हजेरीपत्रक घेऊन बसा आणि मागील दोन महिन्यांतील गैरहजेरीच्या तारखा एका कोऱ्या कागदावर वारासह उतरवून काढा. हे काम अर्ध्या तासाचे आहे, पण पुढचा अहवाल आणि आराखडा दोन्ही यावरच उभे राहतात. आपण सहसा महिन्याची टक्केवारी काढून थांबतो. टक्केवारीवरून मूल किती दिवस आले नाही एवढेच कळते. ते का आले नाही, याचा पहिला सुगावा तारखांमध्ये असतो.

नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात मी बरीच वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले. तेथील एक प्रकरण तुमच्या प्रश्नाशी पुष्कळ जुळते, म्हणून तेच तपशीलवार सांगतो. तीही मुलगी सहावीतच होती आणि शाळेपासून सुमारे दोन किलोमीटरवरच्या वस्तीवर राहत होती. १५ नोव्हेंबर ते १५ जानेवारी या काळात शाळेचे कामाचे दिवस ५० होते आणि ती २९ दिवस हजर होती, म्हणजे ५८ टक्के. तारखा उतरवल्यावर दिसले की २१ गैरहजेऱ्यांपैकी १४ सलग तुकड्यांत होत्या, एकदा चार दिवस आणि दोनदा पाच-पाच दिवस. उरलेल्या ७ सुट्या गैरहजेऱ्यांपैकी ५ मंगळवारी होत्या. सलग तुकड्यांतले मंगळवार मिळवले तर त्या काळातील ९ मंगळवारांपैकी ८ मंगळवारी ती शाळेत नव्हती. आमच्याकडे मंगळवारी आठवडे बाजार भरत असे. सलग तुकड्यांपैकी पहिला द्राक्षमण्यांच्या विरळणीच्या दिवसांत होता, तर पुढचे दोन उन्हाळ कांद्याच्या लागवडीच्या ऐन घाईत. घरी पाऊल टाकण्याआधीच मला काय विचारायचे आहे ते कळले होते, आणि ‘मुलीला शाळेची आवड नाही’ हा शिक्षक-खोलीत रूढ झालेला समज त्या कागदापुढे टिकत नव्हता.

येथे एक कायदेशीर बाबही लक्षात घ्यावी. आपल्याकडे सलग महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ न येणारे मूल शाळाबाह्य धरले जाते. तुमच्या विद्यार्थिनीसारखी मुले दर आठवड्याला काही दिवस तरी येतात, त्यामुळे ती त्या व्याख्येत कधीच बसत नाहीत आणि सर्वेक्षणातही सापडत नाहीत. त्यांची जबाबदारी वर्गशिक्षकावरच राहते. उपस्थितीविषयी पालकांशी नियमित बोलणे हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ प्रमाणे शिक्षकाचे कर्तव्य आहे. त्याच कायद्याच्या कलम १६ मुळे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. तेव्हा ‘असेच चालले तर नाव कमी करू’ हे वाक्य अहवालात किंवा पालकांशी बोलताना येता कामा नये. तो पोकळ धाक आहे आणि पालकांना ते लवकरच समजते.

आता भेटीविषयी. वेळ कुटुंबाच्या सोयीने ठरवावी. मजुरीच्या घरी सकाळी अकरा वाजता गेलात तर कुलूप भेटते आणि अहवालात ‘पालक घरी आढळले नाहीत’ अशी नोंद होते. वाचणाऱ्याला ती पालकांची बेपर्वाई वाटते, प्रत्यक्षात ती आपल्या वेळेची चूक असते. आम्ही मुलीच्या हाती दोन दिवस आधी निरोप पाठवला आणि संध्याकाळी साडेसहाला गेलो, मी आणि आमच्या शाळेतील एक शिक्षिका. सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष किंवा चार-पाच जणांचा ताफा नेऊ नये. वस्तीवर चार माणसे एकदम आली की शेजारी जमतात आणि मग आई जे बोलते ते शेजाऱ्यांसाठी बोलते.

आई नुकतीच लागवडीवरून आली होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल वाळलेला. मुलीच्या कडेवर पावणेतीन वर्षांचा भाऊ होता आणि त्याला तसाच कडेवर ठेवून ती एका हाताने चुलीवरचा चहा उतरवत होती. ‘शाळेत का पाठवत नाही’ असे आम्ही विचारले नाही. शिक्षिकेने आईला म्हटले, “ताई, मागच्या मंगळवारी सकाळी उठल्यापासून घरात काय काय झाले, ते सांगता का?” दिवसाचा क्रम विचारला की माणूस सफाई देत बसत नाही, घडलेले सांगतो. आई पहाटे सहाला टोळीबरोबर निघते. लागवड उक्ती असल्यामुळे एक बाई कमी आली तर सगळ्या टोळीचा हिशेब बिघडतो आणि पुढच्या कामाला तिला बोलावतीलच असे नाही. इतर दिवशी धाकट्याला आजी सांभाळते. मंगळवारी आजी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बाजारात बसते आणि लागवडीच्या घाईत तीही टोळीबरोबर जाते. “शाळा बुडते ते मला कळतं हो सर, पण ह्याला कुणाच्या हवाली करू?” असे आई म्हणाली. हजेरीपत्रकातील मंगळवार आणि सलग तुकडे, दोन्हींचा उलगडा या एका वाक्यात झाला.

मुलीशी शिक्षिका अंगणात वेगळ्या बोलल्या, पण आईच्या नजरेच्या टप्प्यात राहून. मुलगी म्हणाली की चार दिवसांनी परत आल्यावर गृहपाठ नसल्याबद्दल उभे राहावे लागते आणि अपूर्णांकांची बेरीज तिला आता अजिबात कळत नाही, म्हणून मोकळी असते त्या दिवशीही कधीकधी ती येत नाही. गणित मीच शिकवत होतो. अनियमित उपस्थितीच्या अहवालात शाळेकडील कारणांचा रकाना नसतो किंवा कोरा सोडलेला असतो, असे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. माझ्या मते तोच रकाना सर्वांत आधी भरावा, कारण तेवढेच एक कारण पूर्णपणे आपल्या हातात असते. सहावी-सातवीच्या मुलींबाबत महिन्यातील ठरावीक दिवसांची गैरहजेरी दिसली तर शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी आणि आतून लागणारी कडी आहे का, हेही पाहावे आणि हा विषय शिक्षिकेनेच हाताळावा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, वडिलांच्या पिण्याचा. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, दुसऱ्या एका गावी, मी अहवालात लिहिले होते : ‘वडील व्यसनी, पालक मुलीच्या शिक्षणाबाबत उदासीन.’ मला ते स्पष्ट आणि प्रामाणिक वाटले होते. तो अहवाल शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मोठ्याने वाचला गेला. या समितीत कायद्यानेच किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि त्या दिवशी मुलीचे चुलते सभेला होते. दुसऱ्या दिवसापासून मुलगी आठवड्यातून तीन दिवस यायची तीही येईनाशी झाली. ती पुन्हा शाळेत बसायला दीड महिना लागला, तोही तिच्या मामांनी मध्यस्थी केल्यामुळे. तेव्हापासून मी एक कसोटी लावतो. जे वाक्य त्या आईसमोर मोठ्याने वाचून दाखवता येणार नाही, ते अहवालात लिहीत नाही. आणि जी माहिती काढून टाकली तरी उपाय बदलत नाही, ती खरी असली तरी लिहीत नाही.

नाशिककडच्या प्रकरणात वडिलांविषयी आईने स्वतःच हलक्या आवाजात सांगितले. मी विचारले, “हे कागदावर घेऊ का?” ती नको म्हणाली. मी नोंद केली ती एवढीच : ‘वडील भेटीच्या वेळी घरी नव्हते. आईच्या सांगण्यानुसार त्यांचे काम सध्या नियमित नाही. घरखर्च मुख्यतः आई व आजीच्या मजुरीवर चालतो.’ हे खरे आहे, आईने सांगितलेले आहे, आणि आई एकही दिवस काम का सोडू शकत नाही हे वाचणाऱ्याला समजण्यास पुरेसे आहे. वडील पितात हे लिहिल्याने धाकट्याला सांभाळण्याचा प्रश्न तसूभरही सुटला नसता. गावातील ऐकीव बोलणे तर अहवालात कधीही येऊ नये, ‘ग्रामस्थांच्या सांगण्यानुसार’ अशा मखलाशीनेही नाही.

मात्र मुलीला मारहाण होत असेल, लैंगिक छळाची शंका असेल किंवा तिचे लग्न ठरत असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे ‘आई नको म्हणाली’ हे कारण चालत नाही. तरीही ती माहिती या अहवालात कोंबायची नसते. तिचा मार्ग स्वतंत्र आहे. लैंगिक अपराधाची माहिती किंवा शंका असल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. बालविवाहासाठी गावपातळीवर ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हे प्रतिबंधक अधिकारी असतात, आणि कोणत्याही अडचणीतील मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे. मुख्याध्यापकांना बंद लिफाफ्यात लेखी कळवावे. गृहभेट अहवाल दहा हातांतून फिरतो, हे विसरू नये.

लेखनात मी तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो : कोणी काय सांगितले, मी स्वतः काय पाहिले, आणि मला काय वाटते. या तिन्हींची सरमिसळ झाली की अहवाल न्यायनिवाड्यासारखा वाचला जातो. ‘घरात शैक्षणिक वातावरण नाही’ हे निरीक्षण नव्हे, मत आहे. त्या घरात मी पाहिले होते ते असे : एक खोली, संध्याकाळी वीज नव्हती, मुलीचे दप्तर भिंतीच्या खुंटीला उंच अडकवलेले, धाकट्याच्या हाती लागू नये म्हणून. दप्तराची ही नोंद मी मुद्दाम ठेवली, कारण मुलीला शाळेविषयी काय वाटते ते त्यातून दिसत होते. घराच्या भिंती, भांडी, कपडे यांचे वर्णन मात्र उपायाला लागत नसेल तर करू नये. जात आणि उत्पन्न यांचे स्थान योजनेच्या अर्जात आहे, या अहवालात नाही.

तुम्ही नमुना मागितला आहे, म्हणून मूळ अहवालातील गाभ्याचा भाग येथे देतो. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

‘दि. १६ जानेवारी रोजी सायं. ६.३० ते ७.१५ या वेळेत वर्गशिक्षक व एक शिक्षिका यांनी पूर्वसूचना देऊन भेट दिली. आई, आजी व विद्यार्थिनी उपस्थित होत्या. आईने सांगितले की त्या पहाटे सहा वाजता शेतमजुरीस जातात. आजी मंगळवारी बाजारात भाजी विकतात व लागवडीच्या दिवसांत मजुरीस जातात. या दिवशी घरी दुसरे कोणी नसल्याने विद्यार्थिनी पावणेतीन वर्षांच्या भावाजवळ थांबते. विद्यार्थिनीने सांगितले की खंडानंतर वर्गात आल्यावर गृहपाठाबाबत अडचण येते व अपूर्णांक हा घटक समजलेला नाही. निरीक्षण : विद्यार्थिनीची पुस्तके नीट जपलेली आहेत. शिक्षकाचे मत : गैरहजेरीचे मुख्य कारण लहान भावाचा सांभाळ हे असून खंडानंतर वर्गात मिळणारी वागणूक हे दुसरे कारण आहे.’

यातील ‘भावाजवळ थांबते’ हे शब्द माझे नाहीत. मी आधी ‘सांभाळण्यासाठी मुलीला घरी ठेवले जाते’ असे लिहिले होते. वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, “ठेवत नाही हो, तीच थांबते.” मी तिच्यासमोरच खोडून दुरुस्त केले आणि मग तिने सही केली. सहीपूर्वी वाचून दाखवण्याचा हा फायदा आहे. जेथे पालकांना वाचता येत नाही तेथे तर त्याशिवाय सही किंवा अंगठा घेऊच नये.

छायाचित्राचा आग्रह हल्ली सगळीकडे असतो. वरिष्ठांना भेटीचा पुरावा हवा असेल तर आईला विचारून अंगणात शिक्षक आणि पालक यांचे एक छायाचित्र घ्यावे; घराच्या आतले, चुलीचे किंवा मुलाला कडेवर घेतलेल्या मुलीचे घेऊ नये, आणि ते कोणत्याही व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. अहवालाची मूळ प्रत मुख्याध्यापकांच्या ताब्यात राहावी. समितीपुढे आणि केंद्रप्रमुखांकडे फक्त उपस्थितीचे आकडे आणि ठरलेली कृती जावी. लहान गावात नाव वगळले तरी मुलगी ओळखू येते, म्हणून नाव वगळण्यावर भिस्त न ठेवता घरची माहितीच वगळावी.

आराखड्याबाबत माझा अनुभव असा की आठ-दहा कलमांचा आराखडा फक्त फाइलमध्ये राहतो. ‘पालकांचे प्रबोधन करणे, समुपदेशन करणे, प्रेरणा देणे’ ही कलमे प्रत्येक मुलाच्या आराखड्यात असतात आणि त्यांनी कोणाचाच मंगळवार मोकळा होत नाही. आम्ही सहा आठवड्यांचा आराखडा केला आणि त्यात तीनच गोष्टी घेतल्या.

पहिली धाकट्याची. माझ्या मनात लगेच अंगणवाडी आली, पण तेथे बसायला मूल तीन वर्षांचे लागते. त्याआधी फक्त घरपोच आहार मिळतो. तो मार्चमध्ये तीन वर्षांचा होणार होता. म्हणून मार्चपर्यंतची सोय वेगळी करायची होती. आम्ही आईला उपाय सांगितला नाही, विचारला. थोड्या वेळाने आजीनेच सांगितले की शेजारच्या जाऊबाईला दर मंगळवारी बाळाकडे पाहता येईल, कारण त्या दिवशी ती घरी असते. बदल्यात रविवारी तिच्या शेळ्या आजीच्या घरच्यांनी सांभाळायच्या. हा व्यवहार त्यांनी आपसांत ठरवला, आम्ही फक्त लिहून घेतला. सलग लागवडीच्या दिवसांसाठी मात्र असा मार्ग निघाला नाही. तेव्हा मुख्याध्यापकांच्या संमतीने एवढे ठरले की अगदीच अडले तर मुलीने धाकट्याला घेऊन यावे, पण सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. ही तडजोड होती आणि ती मी सर्वांना सुचवणार नाही. लहान मूल वर्गात असले की मुलीचे अर्धे लक्ष तिकडेच असते आणि त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी शाळेवर येते. तुमच्या शाळेला कुंपण नसेल किंवा विहीर-रस्ता जवळ असेल तर हा विचार सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची होती : खंडानंतर आल्यावर गृहपाठाबद्दल उभे करायचे नाही, आणि आठवड्यातून तीन दिवस परिपाठाआधी वीस मिनिटे अपूर्णांक. तिसरी, त्याच वस्तीवरील तिच्या एका मैत्रिणीने, ती आली नाही त्या दिवशी वर्गात काय झाले ते संध्याकाळी सांगायचे. निरोप ‘का आली नाहीस’ असा जाऊ नये, हे मैत्रिणीला समजावून सांगावे लागले.

उद्दिष्ट शंभर टक्के ठेवले नाही. ‘एकही मंगळवार चुकू नये आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू नये’ असे लिहिले, कारण हे आईला मोजता येते. दर शनिवारी दहा मिनिटे मी तारखांच्या त्याच कागदावर खुणा करीत असे. सहा आठवड्यांत कामाच्या ३४ दिवसांपैकी २७ दिवस ती आली, म्हणजे सुमारे ७९ टक्के. जानेवारीच्या अखेरीस लागवडीत एकदा सलग चार दिवस गेले, म्हणजे उद्दिष्टाचा दुसरा भाग फसला.

हा आकडा वर पाठवताना फसगत होऊ शकते. फेब्रुवारीत लागवड ओसरते, त्यामुळे काहीही न करता उपस्थिती थोडी वाढलीच असती. आराखड्याचा खरा परिणाम कोठे दिसतो, तर मंगळवारी, कारण बाजार हंगाम पाहून थांबत नाही. सहा मंगळवारांपैकी पाच मंगळवारी ती हजर होती. आधी नऊपैकी एकदाच होती. मी अहवालात टक्केवारीच्या आधी हीच तुलना लिहिली. तुमच्या प्रकरणातही हंगामापासून वेगळी काढता येईल अशी एखादी खूण शोधून ठेवा.

तुमच्या विद्यार्थिनीचे कारण अगदी वेगळे निघू शकते. कुटुंब ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणार असेल तर यातले फारसे काही उपयोगी पडणार नाही. तेथे मूल जाण्याआधीच शिक्षण हमी पत्रक देणे आणि तुमच्या भागात हंगामी वसतिगृहाची सोय असल्यास मूल आजी-आजोबांकडे ठेवता येते का हे पाहणे, यांना प्राधान्य द्यावे लागते. आजारपण असेल तर पुन्हा निराळे.

मार्चमध्ये धाकटा अंगणवाडीत बसू लागला आणि आराखडा नव्याने लिहावा लागला. सकाळचे प्रश्न मिटले, पण अंगणवाडी दुपारी लवकर सुटते आणि शाळा संध्याकाळपर्यंत चालते. त्यातच कांदा काढणी सुरू झाल्याने दुपारी घरी कोणी नसे. मुलगी सकाळच्या हजेरीला असायची, मधल्या सुटीत जेवायची आणि भावाला आणायला निघून जायची. सकाळी एकदाच हजेरी घेतल्यामुळे हजेरीपत्रकात ती पूर्ण दिवस हजर दिसत होती. हे मला दहा दिवसांनी कळले, तेव्हापासून तिच्या नावापुढे दुपारच्या सत्राची खूण मी वेगळी करू लागलो.